हॅलो, थांबा, गॅलरीत येतो

घर घेताना आपण सगळं बघतो. पाणी किती वेळ येतं, पार्किंग नावावर आहे का, देवघराचं तोंड कुठे येईल, वरच्या मजल्यावर लहान मुलं आहेत का. बेडरूममध्ये उभं राहून एक फोन लावून बघावा, हे मात्र कुणाला सुचत नाही. आत रेंज येत नाही, हे कळतं सामान लागल्यावर. मग आठवडाभरात घराचा एक नवाच नकाशा तयार होतो. गॅलरीतला तुळशीजवळचा कोपरा बोलण्याचा. सोफ्याचं डावं टोक नुसतं ऐकण्याचं. बेडरूममध्ये फोन फक्त गजर लावायला.

याचा सामाजिक परिणाम असा की, ज्या गोष्टी दार लावून हळू आवाजात बोलायच्या, त्याच नेमक्या गॅलरीत उभं राहून ओरडून बोलाव्या लागतात. कुणाचं गृहकर्ज नामंजूर झालं, कुणाचं जमता जमता मोडलं, कुणाच्या कोलोनोस्कोपीची तारीख पडली, हे घरच्यांच्या आधी समोरच्या विंगला कळतं. त्यातही आपल्याकडे पद्धत अशी की, आवाज तुटायला लागला की आपण आणखी मोठ्याने बोलतो. मुलुंडची आत्या ‘ऐकू येत नाहीये रे’ म्हणाली की आपण असे ओरडतो, की मुलुंडला फोनशिवायच ऐकू जावं.

ओरडून काही होत नाही, याचं कारण फोन आणि टॉवरमधल्या रेडिओलहरींत आहे. ते समजून घेतलं, की निदान शिव्या कुणाला द्यायच्या हे तरी ठरतं.

पहिली गोष्ट म्हणजे फोनवरच्या त्या चार-पाच काड्यांवर विश्वास ठेवू नका. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारी कंपनी आपल्या मनाने ठरवते. एकाच खोलीत, एकाच कंपनीच्या सिमवर एक फोन तीन काड्या दाखवतो आणि दुसरा एक. खरा आकडा बघायचा असेल तर अँड्रॉइडमध्ये Settings, मग About phone, मग SIM status किंवा Status अशा वाटेने गेलं की Signal strength समोर -97 dBm अशासारखा आकडा दिसतो. आयफोनवर डायलरमध्ये `*3001#12345#*` दाबून कॉलचं बटण दाबलं की Field Test उघडतं, त्यात RSRP, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा शोधायचा. आकडा उणे असतो, म्हणून जितका शून्याजवळ तितका चांगला. 4G मध्ये उणे 80 म्हणजे ऐश. उणे 100 पर्यंत निवांत बोलता येतं. उणे 110 च्या खाली कॉल देवाच्या भरवशावर चालतो, आणि उणे 120 च्या जवळ देवही फोन उचलत नाही.

आता एखादा नेहमीचा दोन बीएचके घेऊ. नवी इमारत, दुसरा मजला, सगळ्या भिंती आरसीसीच्या, टॉवर गॅलरीच्या बाजूला. गॅलरीत आकडा येतो उणे 85. हॉलमध्ये उणे 98. बेडरूम मागच्या बाजूला, मध्ये लिफ्टचा खड्डा आणि दोन भिंती. तिथे उणे 115. कागदावर हा फरक तीसच दिसतो, पण डेसिबलचं गणित भिशीसारखं सरळ बेरजेचं नाही. दर दहा डेसिबलला ताकद एक दशांश होते. म्हणजे गॅलरीतून बेडरूमपर्यंतच्या दहा-बारा पावलांत सिग्नलचा हजारावा भाग उरतो. टॉवर तोच, कंपनी तीच, रिचार्जही तोच.

हे हजारातले नऊशे नव्व्याण्णव खाल्ले कुणी? विटांची साधी सहा इंची भिंत सहा-आठ डेसिबल खाते. आरसीसीची जाड भिंत पंधरा-वीस सहज, आत सळ्यांची जाळी दाट असेल तर जास्तच. आधी खांब-तुळयांच्या मध्ये विटा असायच्या, आता कित्येक टॉवरांत भिंतीसुद्धा साच्यात काँक्रीट ओतून करतात. भिंतीला खिळा ठोकताना ड्रिलवाला घामाघूम होतो, ती भिंत लहरींनाही तेवढीच जड जाते. आणि उन्हाची तिरीप आत येऊ नये म्हणून धातूचा पातळ थर दिलेली जी काच ऑफिसांना आणि महागड्या फ्लॅटना लावतात, ती एकटी वीस-तीस डेसिबल अडवते. ऊन अडवण्यासाठी पैसे मोजले, फोन अडवला तो फुकट.

यात लहरींची जात बघावी लागते. 850 किंवा 900 मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी आत येतात. 1800 च्या त्याहून कमी आणि 2300 च्या आणखी कमी. 5G चा मोठा भाग 3300 मेगाहर्ट्झच्या वर चालतो, तो दारातूनच परत जातो. म्हणून खिडकीत 5G, हॉलमध्ये 4G आणि न्हाणीघरात काहीच नाही असा उतरता क्रम लागतो. शिवाय वर 5G लिहिलेलं दिसलं तरी आवाजाचा कॉल पुष्कळदा 4G वरच चालतो. त्यामुळे ‘अरे, फाइव्ह जी फुल आहे आणि कॉल कसा कट होतो’ या प्रश्नात तसं काही नवल नाही.

पण खरी मेख पुढे आहे, आणि मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात समजून घेण्यासारखी हीच एक गोष्ट आहे. काड्या दाखवतात टॉवरचा आवाज आपल्याला किती येतो ते. आपला आवाज टॉवरला किती जातो, हे त्या दाखवत नाहीत. टॉवर वीस, चाळीस वॅट किंवा जास्त ताकदीने बोलतो. आपला 4G फोन जीव तोडून बोलला तरी साधारण पाव वॅटच्या आत, नेमकं सांगायचं तर 200 मिलिवॅट. येताना आणि जाताना भिंती त्याच, पण एकाच्या हातात लाउडस्पीकर आहे आणि दुसरा कुजबुजतोय. म्हणून आत्या आपल्याला लख्ख ऐकू येते, आणि आपण काय म्हणतो ते आत्याला कळत नाही. ‘मला तर तुझं सगळं ऐकू येतंय’ हे वाक्य म्हणून भांडणं होतात, खरं तर दोघंही खरं बोलत असतात. टॉवरला आपलं ऐकू येणं बंद झालं, आणि शेजारचा दुसरा टॉवरही हाताला लागला नाही, की कॉल कोसळतो.

आणि त्या बिचाऱ्या पाव वॅटमधलाही बराचसा भाग आपल्याच डोक्यात आणि तळहातात मुरतो. फोन मुठीत घट्ट धरून कानाला चिकटवला की काही डेसिबल तिथेच जातात. काठावरच्या सिग्नलला तेवढे पुरेसे होतात. म्हणून घरात ताबडतोबीचा उपाय करायचा तर फोन खिडकीच्या कठड्यावर ठेवावा आणि इअरफोन लावून बोलावं. फोन गॅलरीत राहतो, आपण घरात राहतो.

आता मूळ औषध. घरात फायबरचं इंटरनेट असेल तर मोबाइल कंपनीला तुमच्यापर्यंत यायला दुसरा रस्ता आहे, भिंती न फोडता. एअरटेलने डिसेंबर 2019 मध्ये आणि जिओने जानेवारी 2020 मध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू केलं. यात फोन घरच्या राउटरमार्फत, इंटरनेटवरून, थेट आपल्या मोबाइल कंपनीच्या दारापर्यंत एक बंदिस्त, कुलूपबंद वाट तयार करतो आणि कॉल त्या वाटेने जातो. नंबर आपलाच, डायलर नेहमीचाच, पैसे नेहमीच्या प्लॅनमधलेच. समोरच्याकडे वाय-फाय नसलं, साधा बटणांचा फोन असला, बँकेची लँडलाइन असली तरी चालतं. व्हॉट्सॲप कॉलपेक्षा वेगळेपणा तो हाच. गॅस सिलिंडरवाल्याला आणि कुरिअरवाल्याला व्हॉट्सॲप कॉल करून बघा, म्हणजे फरक कळेल. डेटाचीही चिंता नको, तासभर बोललात तरी साधारण शंभर एमबीच्या आतच काम होतं. आत्या तासाच्या आत सोडेल का, हा वेगळा विषय.

चालू करायची जागा प्रत्येक फोनमध्ये वेगळ्या बिळात असते. सॅमसंगमध्ये Settings, Connections, Wi-Fi Calling. आयफोनमध्ये Settings मधल्या Mobile Service मध्ये आपली लाइन निवडून Wi-Fi Calling, आणि तिथे Wi-Fi Calling on This iPhone. शाओमीच्या फोनमध्ये सिमच्या पानावर Make calls using Wi-Fi. सापडलं नाही तर Settings च्या वरच्या शोधखिडकीत Wi-Fi calling टाइप करा, मान मोडून शोधण्यापेक्षा ते बरं. दोन सिम असतील तर दोन्हींचं बटण वेगळं असतं. बहुतेक घरांत एकाच सिमचं चालू असतं आणि फोन येतात दुसऱ्यावर. त्याच पानावर VoLTE, म्हणजे 4G वरून आवाजाचे कॉल नेणाऱ्या सोयीचं बटण दिसलं तर तेही चालूच ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

बटण दाबून लोक थांबतात आणि दोन दिवसांनी म्हणतात, ‘केलं चालू, काही फरक नाही.’ फरक नसतो, कारण फोन वाय-फायवर गेलेलाच नसतो. मोबाइलचा सिग्नल अगदी मरायला टेकला तरी कित्येक फोन त्यालाच धरून बसतात, पागडीवरच्या जुन्या भाडेकरूने पडका वाडा सोडू नये तसे. एक काडी आहे ना, मग कशाला हलायचं! आणि आपल्या बेडरूममध्ये नेमकी तीच एक काडी असते. पूर्ण शून्य असतं तर फोन मुकाट वाय-फायवर गेला असता.

त्याला हुसकून लावायचे दोन मार्ग. काही फोनमध्ये Wi-Fi calling च्या पानावर Calling preference असतं, त्यात Call over Wi-Fi निवडायचं. ते नसेल तर Airplane mode चालू करा आणि मग त्यातच वाय-फाय पुन्हा चालू करा. आता फोनला टॉवर दिसतच नाही, त्याला वाय-फायवर जाण्यावाचून गत्यंतर नाही. मिनिटभर थांबा. वर VoWiFi असं चिन्ह, किंवा कानाच्या रिसीव्हरवर वाय-फायची खूण, किंवा आयफोनवर कंपनीच्या नावापुढे Wi-Fi असं दिसलं पाहिजे. मग कॉल लावून घरभर फिरा. हा सगळ्यात प्रामाणिक प्रयोग, कारण यात मोबाइल नेटवर्कची लपूनछपून मदत नसते. घरी असताना फोन रात्रंदिवस असाच ठेवणारे लोक आहेत, पण मी ते डोळे झाकून करा म्हणणार नाही. बँकेचे ओटीपी या अवस्थेत येतात का, हे कंपनीवर आणि फोनवर अवलंबून असतं. एकदा एखादा ओटीपी मागवून बघावा आणि मगच सवय लावावी.

चिन्ह उगवलंच नाही, तर दोष कुणाचा हे ठरवायला एक सोपी युक्ती आहे. खिडकीत दुसऱ्या कुणाचा फोन ठेवून त्याचं हॉटस्पॉट चालू करा आणि आपला फोन, Airplane mode मध्येच, त्याला जोडा. तिथे चिन्ह आलं तर फोन आणि सिम निर्दोष, गडबड घरच्या राउटरमध्ये किंवा इंटरनेटवाल्याकडे. तिथेही आलं नाही तर फोनचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा, व्हीपीएन बंद करा, जाहिराती अडवण्यासाठी Private DNS मध्ये काही भरलं असेल तर ते Automatic करा. तरीही नाही, तर तुमच्या फोनच्या त्या मॉडेलवर कंपनी ही सोय देते का हे विचारायचं. गडबड राउटरमध्ये निघाली तर तिथे बघायची गोष्ट अशी, की ती बंदिस्त वाट यूडीपीच्या 500 आणि 4500 या दोन पोर्टांवरून जाते. राउटरच्या फायरवॉलमध्ये सुरक्षा ‘हाय’ केलेली असली की काही वेळा हीच दोन दारं बंद होतात. ऑफिसच्या वाय-फायवर इंटरनेट भन्नाट चालतं आणि वाय-फाय कॉलिंग मात्र नाही, याचं कारण पुष्कळदा तेच.

चिन्ह आलं, कॉल लागला, पण आवाज रोबोसारखा येतोय, ही पुढची पायरी. इथे लोक ताबडतोब प्लॅन वाढवतात. शंभरचा दोनशे एमबीपीएस करतात आणि रोबो तसाच बोलत राहतो. आवाजाच्या कॉलला फार तर एका बाजूने शंभर केबीपीएस लागतात, म्हणजे त्या शंभर एमबीपीएसचा हजारावा भाग. त्याला वेग नको असतो, वक्तशीरपणा हवा असतो. आवाजाचे छोटे छोटे तुकडे करून पाठवतात, ती पाकिटं सारख्या अंतराने आली पाहिजेत. पाच वेळेवर आली, मग दोन गायब आणि तीन एकदम, की शब्द चिरफाळतात.

वक्तशीरपणा मोजायला बेडरूममध्ये, जिथे बोलायचं त्याच जागी, लॅपटॉप घेऊन बसा. विंडोजच्या Command Prompt मध्ये `ipconfig` टाइप केलं की Default Gateway समोर राउटरचा पत्ता दिसतो. तो खालच्या पहिल्या ओळीत घाला:

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 8.8.8.8
```

पहिली ओळ फक्त बेडरूम ते राउटर एवढंच मोजते. इथे बहुतेक आकडे दहा मिलिसेकंदांच्या आत हवेत आणि शेवटी Lost समोर शून्य हवा. मध्येच तीनशे-चारशेच्या उड्या दिसल्या किंवा शंभरातली चार पाकिटं हरवली, तर दुखणं घरातल्या वाय-फायचं आहे, इंटरनेटवाल्याला फोन करून उपयोग नाही. पहिली ओळ स्वच्छ आणि दुसरी खराब असेल तर दुखणं बाहेरचं. तेव्हा त्याला फोन करा, आणि ‘स्लो आहे’ असं न सांगता ‘पाकिटं हरवतायत’ असं सांगा. पलीकडचा माणूस जरा सावरून बसतो.

घरातलं दुखणं बहुतेक वेळा राउटरच्या जागेचं असतं. फायबर बसवायला आलेला मुलगा घाईत असतो, वायर दारातून येते, म्हणून राउटर दाराशी, चपलांच्या कपाटावर. पुढे कुणालातरी तो दिसायला बरा वाटत नाही, म्हणून तो टीव्हीच्या मागे जातो, किंवा शोकेसमध्ये काचेआड गणपतीच्या शेजारी. मग ज्या भिंतींनी मोबाइलचा सिग्नल खाल्ला, त्याच भिंती वाय-फाय खातात. वाय-फायचा 5 गिगाहर्ट्झचा पट्टा तर दोन आरसीसी भिंतींपलीकडे जवळजवळ पोचतच नाही. बोलण्याच्या जागी वाय-फायचा आकडा उणे 67 किंवा त्याहून चांगला हवा, हा आकडा अँड्रॉइडवर वाय-फाय मोजणाऱ्या ॲपमध्ये दिसतो. उणे 75 च्या खाली रोबो अवतरतो. राउटर घराच्या मध्यावर, उघड्यावर, माणसाच्या उंचीला आणा. तरी बेडरूम उपाशी राहिली तर तिथपर्यंत लॅनची वायर ओढून वाय-फायचा दुसरा डबा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट लावा. प्लगमध्ये खोचायचा स्वस्तातला रिपीटर शक्यतो टाळा. त्यातले बरेचसे एकाच पट्ट्यावर ऐकून त्याच पट्ट्यावर पुन्हा बोलतात, त्यामुळे काड्या वाढतात आणि वक्तशीरपणा बिघडतो.

दुसरा चोर म्हणजे अपलोड. घरातल्या कुणीतरी लग्नाचे हजारभर फोटो काढून आणलेले असतात आणि ते संध्याकाळी गुपचूप क्लाउडवर चढत असतात. तेवढा वेळ राउटरच्या दारात रांग लागते, आणि आपला आवाज त्या रांगेत हळदीच्या फोटोंमागे उभा राहतो. फक्त आपलाच आवाज तुटतोय आणि समोरच्याचा व्यवस्थित येतोय, असं झालं की आधी फोटोंचा बॅकअप थांबवून बघा, मग दारावरच्या कॅमेऱ्याकडे वळा.

लाईट गेली की हे सगळं वैभव संपतं. मोबाइलच्या टॉवरला स्वतःची बॅटरी असते, आपल्या राउटरला नसते. इन्व्हर्टर असेल तर राउटर त्या प्लगवर घ्या. नसेल तर राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेताना अॅडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या, बहुतेकांना 12 व्होल्ट लागतात. आणि बऱ्याच घरांत डब्या दोन असतात, फायबरची वेगळी आणि राउटरची वेगळी. लोक एकीलाच बॅकअप देतात. मग अंधारात वाय-फायच्या काड्या भरून दिसतात आणि इंटरनेट मेलेलं असतं.

‘एवढा उपद्व्याप कशाला, बूस्टर लावून टाक ना गच्चीवर’ असा सल्ला देणारा एक भाऊजी प्रत्येक कुटुंबात असतो. ऑनलाइन ते डबे सर्रास दिसतात. पण भारतात परवानाधारक मोबाइल कंपन्यांखेरीज कुणी सिग्नल बूस्टर लावणं बेकायदा आहे, आणि यात कायद्याचा नुसता हट्टीपणा नाही. असा डबा टॉवरच्या दिशेने सतत गोंगाट करत राहतो. ज्या टॉवरला आपला पाव वॅट आधीच जेमतेम ऐकू येतोय, त्याच्या कानाशी हा किंचाळतो. तुमच्या बेडरूममध्ये पाच काड्या येतात आणि आजूबाजूच्या चार सोसायट्यांचे कॉल पडायला लागतात. तपासाला आलेले लोक अँटेना लावून नेमकी तुमचीच गच्ची शोधून काढतात.

वाय-फाय कॉलिंगला एक जागा मात्र जमत नाही, आणि ती आहे उंबरठा. बोलता बोलता बाहेर पडलं की कॉल वाय-फायवरून 4G वर उडी मारतो. VoLTE चालू ठेवा म्हटलं ते यासाठीच, ते बंद असेल तर उडी मारायला पलीकडे काठच नसतो. चालू असेल आणि बाहेर उणे शंभरच्या आसपास सिग्नल असेल तर उडी कळतही नाही. पण आपल्या त्या दोन बीएचकेत दारासमोर लिफ्ट आहे आणि पॅसेजमध्ये सगळीकडून काँक्रीट. वाय-फाय दारापाशी संपतं, 4G खाली पार्किंगच्या बाहेर सुरू होतं, आणि मधले दोन मजले कुणाचेच नाहीत. राउटर कितीही भारी घेतला तरी तिथे कॉल पडणार. Airplane mode मध्ये असाल तर खाली गेल्यावरही उठणार नाही, तो आधी बंद करावा लागतो. हे विसरून माणसं भाजी घेऊन परत येईपर्यंत ‘आज कुणाचाच फोन नाही’ म्हणून खुशीत असतात. तेव्हा बाहेर निघायचं असेल तर आत्याला सांगावं, ‘खाली उतरून करतो गं,’ फोन ठेवावा, आणि मगच चपला घालाव्यात. आत्या ‘एकच मिनिट, राहिलंच सांगायचं’ म्हणाली, तर चपला काढून पुन्हा आत यावं.